हळदीतून निघायचं कसं

नवरा दारू सोडतो म्हणजे घरात शांतता येते, असं ज्यांना वाटतं त्यांनी तेव्हा आमच्या अंधेरीच्या खोलीत दोन दिवस राहून बघायला हवं होतं. दारू सुटली होती, पण हात सुटायचा राहिला नव्हता. फक्त आता तो हात माझ्यावर न पडता वस्तूंवर पडायचा. आमटी अळणी झाली म्हणून पातेलं भिंतीवर. शेजारच्या पोराने रेडिओ मोठा केला म्हणून मधल्या फळीवर एवढ्या बुक्क्या हाणल्या की फळीच फुटली, आणि मग शेजारणीशी मी भांडले ते वेगळंच. पूर्वी पिऊन मारायचा तेव्हा निदान दुसऱ्या दिवशी ओशाळून गप्प बसायचा. आता शुद्धीत तापायचा, रात्री झोप नाही, अंगाला घाम, आणि मीही काही गरीब गाय नव्हते. आठ वर्षांचा मार पोटात साठला होता माझ्या, तो आता तोंडावाटे बाहेर पडत होता. तो एक बोलला की मी दहा बोलायची.

तो एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर होता. कामावर पिऊन गेला आणि दोन बोटांची टोकं गेली, तेव्हा कारखान्यातल्याच कुणीतरी त्याला त्या मीटिंगला नेलं. संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात दारू सोडलेली माणसं लहान बाकांवर गुडघे दुमडून बसायची आणि आपापली कर्मकहाणी सांगायची. तिथे त्याला गोराईचे काका भेटले. ख्रिश्चन माणूस, मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, हातांना कायम डिझेलचा वास. त्यांनी दारू सोडून बरीच वर्षं झाली होती. पिण्याच्या दिवसांत स्वतःच्या सख्ख्या भावाला वल्ह्याने बदडलं होतं त्यांनी, आणि हे ते असं सांगायचे की जणू कालवणात मीठ किती घालायचं ते सांगतायत. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले. खोटं बोलत नव्हते.

आणि तशात माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं.

नणंद घाटकोपरला, भटवाडीच्या टेकडीवरच्या चाळीत राहायची. माझा नवरा मुलीचा एकुलता एक मामा. आमच्या मालवणी लोकांत मामाशिवाय लग्नातलं पानसुद्धा हलत नाही. हळदीला मुलीला हात धरून मामाने बसवायचं, दुसऱ्या दिवशी बोहल्यावर मामानेच आणायचं. आणि हळद म्हणजे काय असते ते आमच्यातल्या कुणालाही सांगायची गरज नाही. मटण आणि दारू. लग्नाला एखादा नसला तर चालतं, हळदीला नसला तर जन्मभर ऐकवतात.

"हळदीला जाऊ नकोस," काका आमच्या घरी बसून म्हणाले. "लग्नाला जा."

"मग ताई माझं तोंड बघणार नाही."

"नाही बघितलं तर नाही बघितलं. तोंड जिवंत तरी राहील."

नवरा खवळला. हातातला पेला एवढ्या जोरात आपटला की चहा काकांच्या लेंग्यावर उडाला. "मला काय लहान पोर समजता काय? मी मामा आहे तिचा! लहानपणी ह्या खांद्यावर बसवून जत्रेला नेलीय तिला!" काकांनी लेंगा झटकला आणि म्हणाले, "बरं. जायचंच आहे ना? मग निघायचं कसं ते आधी ठरव. जायचं कसं ते कुणालाही जमतं."

आणि मग त्यांनी ठरवलं. मी कांदा चिरत ऐकत होते. घरून पोटभर जेवून जायचं, कारण भुकेल्या पोटी डोकं लवकर फिरतं. चारला पोचायचं, मटणाचं पातेलं चुलीवरून उतरायच्या आत निघायचं. काका सोबत जाणार, नवऱ्याचा मित्र म्हणून. तिथे गेल्या गेल्या सरबताचा ग्लास हातात घ्यायचा आणि तो रिकामा होऊ द्यायचा नाही, म्हणजे कोणी दुसरा देत नाही. पत्ते खेळणाऱ्या बाप्यांजवळ बसायचं नाही, दाराशी बसायचं. चपला ढिगात काढायच्या नाहीत, बाजूला ठेवायच्या. आणि जीव घाबरायला लागला की दुसरं काही बोलायचं नाही, काकांना विचारायचं, "माझी चप्पल कुठंय?" एवढं बोलला की दोघांनी उठायचं, टेकडी उतरायची, खालच्या बस स्टॉपवर जायचं आणि तिथून सरळ मीटिंगला. कोणाचा निरोप नाही, कोणाला कारण नाही. कुणी विचारलंच तर पोट बिघडलंय.

"आणि मी काय करायचं?" मी विचारलं.

"तुम्ही त्याच्या ग्लासावर नजर ठेवायची नाही. वास घ्यायचा नाही. भांडायचं नाही."

"म्हणजे मी मुकी होऊन बसू?"

"जमलं तर बरं," काका म्हणाले. नवरा हसला. कितीतरी दिवसांनी हसला होता मेला, तोही माझ्यावर.

मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अजून एक. तो निघाला की निघाला. तुम्ही कामात असाल, जेवत असाल, कुणी तुम्हाला अडवून धरलं असेल, तो तुमच्यासाठी थांबणार नाही. थांबला की गेला. कबूल?"

"हो हो, कबूल," मी म्हटलं. मला वाटलं, बरंच झालं, मी निवांत मटण खाऊन येईन.

नणंदेला मी आधीच जाऊन सांगून आले. ती म्हणाली, "अगो, एवढाच ना? कोणी देवचो नाय त्येका. मी बघतंय." पण स्वतःच्या नवऱ्याला तिने सांगितलं नाही. घाबरायची त्याला. तिचा नवरा गोदीत कामाला, आडदांड माणूस, आणि नणंदेच्या दंडावर काळेनिळे डाग मी स्वतः बघितले होते. आम्ही दोघी बायका हे एकमेकींना कधी बोललो नाही. ज्याची त्याला लाज असते.

आम्ही सगळा विचार केला होता. बाटली कुठे असेल, कोण आग्रह करेल, कोणाला काय सांगायचं, सगळं. एक गोष्ट मात्र तिघांच्याही डोक्यात आली नाही. काकांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, ते ख्रिश्चन. त्यांच्या चर्चमध्ये वाइन फादर पितो, लोकांच्या वाट्याला नुसती भाकरी. पण आम्ही दोघं तर त्यातच वाढलेलो. आणि नेमकं म्हणूनच आलं नाही. आमच्यात देवाला दाखवलेल्या दारूला कोणी दारू म्हणतच नाही.

हळदीला पोचलो तेव्हा चाळीपुढे मांडव घातला होता, बाप्ये कोपऱ्यात बसले होते आणि नणंदेचा नवरा दुपारपासूनच झुलत होता. माझा नवरा दाराशी बसला, हातात सरबत, शेजारी काका. मी बायकांत वाटण वाटायला बसले आणि देवाशपथ, एकदाही मान वर करून त्याच्याकडे बघितलं नाही. नणंदेची मुलगी पिवळी साडी नेसून आली, मामाच्या पाया पडली. त्याचे डोळे भरले. सगळं झकास चाललं होतं.

मग गावाहून आलेले तिचे चुलत आजोबा उठले आणि म्हणाले, "चला, आधी गाऱ्हाणां घालूया."

मुलीच्या घरच्या राखणदाराला गाऱ्हाणं. गावच्या सीमेवरचा देव, त्याला नारळ, कोंबडा आणि बाटली. ह्यांच्यात मामाने नारळ धरून उभं राहायचं. माझ्या नवऱ्याला बोलावलं, तो गेला, दोन्ही हातांत नारळ घेऊन उभा राहिला. सरबताचा ग्लास दारातच राहिला. आजोबांनी पानावर बाटलीतली धार सोडली आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकराच्या लग्नाक काय वाकडानाकडा येत आसात, तर तां दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मीही ओरडले. हात वाटणात होते तरी ओरडले, सवय.

आणि तेव्हा मी बघितलं की उरलेली दारू आजोबा वाटीत ओततायत. पहिला मान मामाचा.

मेले मी! एवढी शाळा केली आणि वाट लागली ती इथे, देवापुढे. नवऱ्याने वाटीकडे बघितलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने काकांकडे मान वळवून विचारलं, "माझी चप्पल कुठंय?"

काका ताडकन उठले. दारातून वाटीत काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं, त्यांना वाटलं पाणीच असेल. पण शब्द ऐकला आणि उठले. असा सोबती हवा. आधी उठायचं, कारण नंतर.

"गाऱ्हाण्यातसून खंय चललंस?" आजोबा म्हणाले. "देवाचो मान मोडतलंस?"

"मला नको," नवरा म्हणाला. "मी कपाळाला लावतो. पिणार नाही."

"तीर्थ आहे रे ते!" नणंदेचा नवरा पुढे आला. "दारू नाय, तीर्थ! माझ्या पोरीच्या लग्नात माझ्या देवाला नाही म्हणतोस? साल्या, गटारात पडून पीत होतास तेव्हा चालत होती काय?"

"भाऊजी, सोडा. मी जातो."

"जातोस कुठे!" त्याने माझ्या नवऱ्याची मान पाठीमागून पकडली, आजोबांच्या हातातली वाटी हिसकावली आणि त्याच्या तोंडावर दाबली. स्टीलची वाटी दातांवर वाजली ती मला चुलीपर्यंत ऐकू आली. ओठ फुटला. दारू हनुवटीवरून सदऱ्यावर, नारळावर. माझा नवरा गुदमरला, आणि मग जे काही तोंडात गेलं होतं ते सगळं रक्तासकट थुंकला. पानावर. देवाच्या पानावर.

मग काय बघायला नको! नणंदेच्या नवऱ्याने त्याच्या कानशिलात एक ठेवून दिली. दुसरी ठेवली. कोणीतरी मागून लाथ घातली. काका मधे घुसले तर त्यांच्या कानावर बुक्की बसली, ते मांडवाच्या बांबूवर आपटले आणि तसेच परत उठून मधे घुसले. "मारू नका, जाऊ द्या त्याला, जाऊ द्या," एवढंच म्हणत होते, हात उचलत नव्हते. माझ्या नवऱ्याच्या मुठी वळल्या. मला त्या मुठी माहीत होत्या. मी म्हटलं, आता हा मारणार, मारलं की पिणार, संपलं.

भांडायचं नाही असं मी कबूल केलं होतं. गेलं ते कबूल चुलीत. मी मटणाच्या पातेल्यातला झारा ओढला, रश्शाने निथळत होता, आणि नणंदेच्या नवऱ्याच्या खांद्यावर घातला. दोन्ही हातांनी. तो गुरासारखा ओरडला. दुसरा त्याच्या पाठीत घातला. मला एवढं बरं वाटलं ना, खोटं कशाला बोलू! नणंदेच्या दंडावरचे ते डाग मी त्याच्या पाठीत मोजून भरत होते.

तो वळला आणि त्याने माझा अंबाडा धरला. केसांनी फरफटत नेलं मला आणि बांबूवर डोकं आपटलं. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. नणंद किंचाळत होती, "सोड तिका, मेल्या, सोड!" मुलगी हळदीच्या पाटाजवळ थिजून उभी. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण मी नवऱ्याला बघितलं. तो मांडवाच्या दाराशी होता. काकांनी त्याचा दंड धरला होता. तो माझ्याकडे बघत होता. आमची नजरानजर झाली, मी सांगते ना, अगदी समोरासमोर.

आणि तो वळला आणि टेकडी उतरायला लागला.

मला मार बसत होता आणि माझा नवरा मला टाकून चालला होता. पाठ बघितली मी त्याची. आठ वर्षं ज्याच्या हातचा मार खाल्ला तो माणूस, मला दुसरा मारत असताना, अनवाणी निघून गेला. चप्पल बाजूला ठेवली होती तीसुद्धा घेतली नाही.

शेजारच्या चाळीतल्या माणसांनी येऊन नणंदेच्या नवऱ्याला माझ्यापासून ओढून काढलं. बायकांनी मला पाणी पाजलं. मी त्यांचे हात झिडकारले, पदर डोक्याला दाबला आणि निघाले. वाटेत जी शिवी येत होती ती मी नवऱ्याला देत होते. टेकडीवरून खाली येईपर्यंत माझ्या शिव्या संपल्या, मग पहिल्यापासून परत सुरू केल्या.

स्टॉपशेजारी रसवंतीवाला होता. त्याच्या नळाखाली माझा नवरा चुळा भरत होता. भरायचा, थुंकायचा, परत भरायचा. काकांचा कान सुजून भजं झाला होता.

"गेली का पोटात?" मी विचारलं. शिव्या द्यायच्या होत्या, पण तोंडातून आधी हेच निघालं.

"माहीत नाही," नवरा म्हणाला. "जिभेला लागली. चव आली." "चव आली गं मला."

"लागली आणि थुंकली," काका म्हणाले. "प्यायला नाहीस. पण आता एकटं राहायचं नाही. इथून सरळ मीटिंग, तिथे हे असंच्या असं सांगायचं, चव आली ते पण. आणि आज मी तुमच्याकडेच झोपणार. पुढचे दोन दिवस वाईट जातील."

"तुला मारत होता," नवरा मला म्हणाला. "मी बघितलं. बघून निघालो."

मी त्याच्या कानाखाली ओढली. लग्नानंतर पहिल्यांदा. रसवाल्याने चरक थांबवला. माझ्या हातातल्या फुटक्या बांगडीने त्याच्या गालावर रेघ उठली. मी हात वर धरूनच उभी राहिले, कारण मला माहीत होतं आता काय येणार. आठ वर्षं येत होतं.

आलं नाही. त्याने हात खाली सोडले होते, दोन्ही, आणि गाल तसाच पुढे ठेवला होता. मी दुसरी मारली. तीही त्याने घेतली. तिसरीला माझाच हात उठेना, मी रस्त्यात बसकण मारली आणि भोकाड पसरलं. लोक बघत होते. बघू दे मेल्यांना.

काका बस येते का बघत उभे राहिले.

नवरा माझ्याजवळ उकिडवा बसला. "थांबलो असतो तर भाऊजींचं डोकं फोडलं असतं," तो म्हणाला. "आणि मग प्यायलो असतो. आणि मग घरी येऊन तुला मारलं असतं. त्यांच्यापेक्षा जास्त."

हे खरं होतं. त्याच्या तोंडून ऐकलेली ती पहिली खरी गोष्ट.

"उद्या लग्नाला मी जाणार," तो म्हणाला. "काकांना घेऊन. पोरीला बोहल्यावर आणणार, अक्षता पडल्या की निघणार. जेवायला थांबणार नाही. तिथे परत कोणी तुझ्या अंगावर आलं, तरी मी निघणार. तुला आत्ताच सांगतो, मग म्हणू नकोस."

आठ वर्षांत ह्या माणसाने मला हजार वचनं दिली होती. सोन्याची बांगडी करीन, हात लावणार नाही, उद्यापासून सोडतो. हे एकच असं होतं की ज्यात मला काहीच मिळत नव्हतं. आणि म्हणूनच मला ते पटलं.

"निघा," मी म्हटलं. "मी माझं बघेन. पण आता आधी ह्या मनगटाला रुमाल बांधा. रक्त थांबत नाहीये."

त्याने खिशातून रुमाल काढला. त्याला गाठ मारता येईना, टोकं गेलेल्या बोटांतून रुमाल निसटत होता. मी हात धरून राहिले, त्याला जमेपर्यंत.